रेघेपर्यंतचं पाणी

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेटची जांभळी धार ऑक्झॅलिक आम्लात पडते आणि रंग विरून जातो. या अनुमापनातून परमँगनेटची तीव्रता कळते ती ऑक्झॅलिक आम्लाची तीव्रता आधीच अचूक ठाऊक असते म्हणून. असं भरवशाचं द्रावण म्हणजे प्रमाण द्रावण.

समजा, ०.१ मोलर द्रावण २५० मिलिलिटर हवं आहे. एका लिटरमध्ये ०.१ मोल, म्हणजे पाव लिटरमध्ये ०.०२५ मोल. या आम्लाच्या स्फटिकात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, त्यामुळे त्याचं मोलर वस्तुमान १२६.०७ ग्रॅम धरायचं. ०.०२५ ला १२६.०७ ने गुणलं की ३.१५२ ग्रॅम येतात. खरी फसगत इथंच होते. स्फटिकातलं पाणी विसरून कोणी ९०.०३ हा आकडा घेतला, तर २.२५१ ग्रॅमच तोलले जातात आणि द्रावण ०.१ ऐवजी ०.०७१ मोलर होतं. दिसायला दोन्ही सारखीच नितळ, त्यामुळे नुसतं पाहून चूक कळत नाही.

तराजूवर नेमके ३.१५२ येण्यासाठी कणाकणानं झटापट करण्याची गरज नाही. ३.१४८ ग्रॅम भरले, तर तेच नोंदवावेत. हिशेबानं तीव्रता ०.०९९९ मोलर येते आणि बाटलीवर तीच लिहावी.

तोललेलं आम्ल बीकरमध्ये शंभरेक मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवायचं. पाणी गरम केलं असेल तर द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, कारण फ्लास्कवर कोरलेलं आकारमान ठरावीक तापमानाचं असतं. मग नरसाळ्यातून ते व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचं. बीकर, काचकांडी आणि नरसाळं थोड्या थोड्या पाण्यानं तीन-चारदा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घालायचं. काचेला चिकटून राहिलेलं आम्ल हिशेबात धरलेलं असतं, ते बाहेर राहून चालत नाही.

आता सगळ्यात नाजूक काम. आधी अर्ध्याहून अधिक पाणी भरून फ्लास्क हलकेच फिरवून घ्यावा, मग पातळी रेघेच्या सेंटीमीटरभर खाली येईपर्यंत पाणी घालावं. पुढचं पाणी ड्रॉपरनं, थेंबाथेंबानं. फ्लास्कच्या मानेभोवतीची गोल रेघ डोळ्यांसमोर धरली की तिची पुढची आणि मागची कड एकावर एक येते. पाण्याच्या वाटीसारख्या पृष्ठभागाचा तळ त्या रेघेला टेकला की थांबायचं. वरून वाकून पाहिलं तर पाणी कमी असतानाच ते रेघेला लागलंसं वाटतं आणि द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र होतं. लक्षात ठेवायचं ते हे, की २५० मिलिलिटर पाणी ओतायचं नसतं. आम्ल आणि पाणी मिळून २५० भरतात.

एखादा थेंब रेघेच्या वर गेला तर ड्रॉपरनं काढून टाकण्याचा मोह होतो. पण त्या थेंबाबरोबर आम्लही जातं, आणि किती गेलं हे सांगता येत नाही. अशा वेळी ते द्रावण टाकून नव्यानं तोलावं लागतं.

शेवटी बूच घट्ट दाबून धरून फ्लास्क पंधरा-वीस वेळा उलटासुलटा करायचा. मान अरुंद असल्यानं वर घातलेलं पाणी आपोआप खाली मिसळत नाही. यानंतर पातळी रेघेखाली दिसली तरी पाणी घालू नये, कारण थोडं द्रावण बुचाला आणि मानेच्या वरच्या भागाला लागलेलं असतं.