‘काकू, जरा खोकून बघा’

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर विचारतात, “काकू, दुखतंय का?” काकू म्हणतात, “नाही, बरं आहे.” हे उत्तर खोटं नसतं. काकू हालत नाहीत, खोल श्वास घेत नाहीत, खोकला आला तरी दाबतात. म्हणूनच दुखत नाही. अनुभवी परिचारिका एवढ्यावर थांबत नाही. ती म्हणते, “आता जरा खोकून बघा.”

समजा, काकू ५२ वर्षांच्या आहेत. पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून काढणं जमलं नाही, म्हणून उजव्या बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागला. पडून असताना त्या शून्य ते दहाच्या मापात वेदनेला ३ गुण देतात. खोकायला सांगितलं, की हात पटकन टाक्यांवर जातो, चेहरा आक्रसतो आणि आकडा येतो ८. श्वास मिनिटाला २४, उथळ. नाडी १०४.

डॉक्टरांच्या कागदावर निदान ‘पित्ताशयातील खडे’ असं असतं. परिचारिकेचं निदान वेगळं, कारण तिचं काम त्या क्षणी पेशंटला काय होतंय त्याच्याशी असतं. ती लिहिते: शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे तीव्र वेदना; खोकताना ८ गुण, जखमेवर हात धरणं, उथळ श्वास, वाढलेली नाडी यांवरून दिसून येते. एका वाक्यात त्रास, त्याचं कारण आणि पुरावा. पुराव्यातला सगळ्यात वजनदार भाग पेशंटचं स्वतःचं सांगणं. नाडी शांत असूनही माणूस कळवळत असू शकतो.

उथळ श्वासाची काळजी इतकी का? बरगडीखालच्या छेदामुळे प्रत्येक मोठा श्वास दुखतो. मग फुप्फुसाचा तळाचा भाग नीट फुलत नाही, कफ तिथेच साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून ‘वेदना कमी करणे’ एवढंच उद्दिष्ट पुरत नाही. ते मोजता आलं पाहिजे आणि त्याला मुदत हवी. काकूंसाठी लिहिलं जातं: २४ तासांत खोकतानाची वेदना ४ किंवा त्याखाली यावी, जागेपणी दर तासाला तीन चेंडूंच्या यंत्राने दहा खोल श्वास घेता यावेत, आणि संध्याकाळपर्यंत आधाराने बाथरूमपर्यंत चालता यावं. शून्य वेदना हे उद्दिष्ट ठेवलं तर औषध इतकं लागेल, की काकू दिवसभर गुंगीत पडून राहतील.

उपायांत औषधाची वेळ फार महत्त्वाची. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून लिहिलं असेल, तर ते ‘मागितलं तर देऊ’ असं ठेवायचं नसतं. ठरल्या वेळी पंधरा मिनिटांत थेंबाथेंबाने सोडायचं. आपल्याकडच्या बायका शेवटपर्यंत मागत नाहीत, आणि चढलेली वेदना उतरवायला जास्त औषध लागतं. त्यावरही दुखलं, तर डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं ट्रॅमाडॉल सावकाश द्यायचं. त्याआधी श्वासाची गती आणि गुंगी बघायची. पेशंटला हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं.

खोकणं, चालणं हे सगळं डोसनंतर साधारण अर्ध्या तासाने. खाटेचं डोकं वर, गुडघे थोडे दुमडलेले, म्हणजे पोटावरचा ताण सैल होतो. घडी घातलेली उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरायची आणि मग खोकायचं. उशी धरायला नातेवाइकांनाही शिकवता येतं.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, पडून आणि खोकताना, दोन्ही. खोकतानाची वेदना ५. दोन चेंडू वर जातात. काकू बाथरूमपर्यंत चालल्या, पण ट्रॅमाडॉलनंतर मळमळ झाली. परिचारिका नोंदवते: उद्दिष्ट अंशतः साध्य. इथेच पुष्कळ फायलींत ‘वेदना कमी’ असं लिहून विषय मिटवला जातो, आणि नेमकं काय चुकलं ते हरवतं. इथे कारण सापडतं: फिजिओथेरपिस्ट अकराला आले होते, डोस बाराचा होता. औषधाचा असर ओसरत आला असतानाच व्यायाम झाला. उद्या त्यांना साडेबाराला बोलवायचं, आणि मळमळीबद्दल डॉक्टरांना कळवायचं.

एक धोका मात्र वेगळा ओळखावा लागतो. वेदना दिवसागणिक उतरायला हवी. ती औषध असूनही वाढत गेली, पोट लाकडासारखं कडक झालं, ताप आला किंवा जखमेतून पिवळसर-हिरवट पाणी झिरपू लागलं, तर ते साधं टाक्यांचं दुखणं नसतं. आत पित्त गळत असू शकतं. तेव्हा पुढचा डोस देऊन वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

काकूंच्या बाबतीत तसं काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, डोसनंतर, खोकतानाची वेदना ४ वर आली. पोटात अन्न टिकू लागल्यावर डॉक्टरांनी शिरेतलं औषध बंद करून गोळ्या लिहिल्या. आराखड्यात नवं उद्दिष्ट लिहिलं गेलं: कुणाच्या आधाराशिवाय वॉर्डाच्या दारापर्यंत आणि परत.