‘वडील गेले’ असा फोन आल्यावर

बँकेच्या ग्राहक सेवेत फोन येतो, “माझे वडील गेले. त्यांच्या खात्याचं काय करायचं?” कर्मचारी सवयीने विचारतो, “खातेधारक लाइनवर आहेत का?” समोरची मुलगी गप्प होते. ठरलेला प्रश्न वाचण्याआधी तिचं वाक्य ऐकून घ्यायला हवं होतं.

“ऐकून फार वाईट वाटलं, ताई. तुमचं नाव सांगाल का?” एवढं पुरे. मग थोडं थांबावं; ती रडत असेल तर मध्ये बोलू नये. पुढेही ‘मयत खातेदार’ न म्हणता ‘तुमचे वडील’च म्हणावं.

त्यानंतर मात्र गोलगोल बोलू नये. “खात्यावर वारस म्हणून तुमची नोंद असेल, तर मृत्यूचा दाखला, तुमचं ओळखपत्र आणि शाखेतला दाव्याचा अर्ज लागेल. लिहून घेताय ना? सावकाश सांगते.” शिल्लक फोनवर सांगता येत नसेल, तर तेही स्पष्ट सांगावं. वडिलांचं एटीएम कार्ड वापरू नका, हे आवर्जून सांगावं; घाईत अनेक घरांत नेमकं तेच होतं.

नोंद असलेल्या वारसाची कागदपत्रं पूर्ण असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दावा 15 दिवसांत निकाली काढावा लागतो. ही मुदत तिला फोनवरच सांगा.