चोवीस तासांनी उद्याचे नऊ वाजतात का?

संगणकाच्या प्रोग्राममध्ये सुचवलेला बदल मूळ प्रोग्रामात मिसळण्यापूर्वी दुसरा जाणकार तपासतो. अशा प्रस्तावाला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. समजा, न्यूयॉर्कमधील रुग्णाला रोज सकाळी ९ वाजता औषधाची आठवण देणाऱ्या प्रोग्रामसाठी ही ओळ आली आहे. वेळ सेकंदांत मोजली आहे.

```
next_time = last_time + 24 * 60 * 60
```

यात चूक कुठे?

९ मार्च २०२४ हा दिवस घ्या. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे १४. त्यात २४ तास मिळवले की १० मार्चचे १४ वाजतात. पण त्या पहाटे २ वाजता तिथली घड्याळे उन्हाळी वेळेसाठी एकदम ३ वर नेली गेली. दोन वेळांतला फरक ५ तासांवरून ४ वर आला, म्हणून आठवण आली १० वाजता! पुढेही ती रोज १० लाच येत राहील. ३ नोव्हेंबरला काटे मागे गेले की चूक आपोआप नाहीशी होईल. शोधणारा चक्रावतो तो यामुळेच.

पुण्याची वेळ धरून चाचणी घेतलीत तर ती बारा महिने उत्तीर्ण होईल. आपल्याकडे काटे हलवत नाहीत. म्हणून तपासणाऱ्याने `America/New_York` हा विभाग आणि नेमकी ९ मार्चची तारीख घातलेली चाचणी मागावी. दुरुस्ती सोपी आहे: स्थानिक तारीख एकाने वाढवायची, ‘सकाळी ९’ तसेच ठेवायचे आणि मग सेकंद काढायचे.

पण औषध पहाटे अडीचचे असेल तर? १० मार्चला तिथे अडीच वाजलेच नाहीत. मग ते ३ वाजता द्यायचे की साडेतीनला, हे डॉक्टरांना विचारूनच प्रोग्राममध्ये लिहावे लागते.