लिंक उघडते, पण फाइल उतरत नाही

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ ग्रुपवर येतो. लिंकवर बोट ठेवले की गूगल ड्राइव्ह उघडते, फाइलचे नाव आणि आकार दिसतो. डाउनलोडचे बटण दाबल्यावर मात्र फाइलऐवजी एक पांढरे पान समोर येते. त्यावर लिहिलेले असते: "Sorry, you can't view or download this file at this time." त्याखालच्या ओळीत कारणही दिलेले असते: "Too many users have viewed or downloaded this file recently." ब्राउझरच्या टॅबवर पानाचे नाव दिसते, "Quota exceeded".

इथून पुढे बहुतेक घरांत एकच प्रकार घडतो. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू केला जातो, फोन रीस्टार्ट होतो, ब्राउझर बदलला जातो, फोनमधले जुने फोटो उडवून जागा केली जाते. यातल्या कशानेही फरक पडत नाही, कारण अडचण तुमच्या फोनमध्ये किंवा तुमच्या इंटरनेटमध्ये नसतेच. मर्यादा लागलेली असते ती त्या फाइलला. थोड्या वेळात खूप लोकांनी ती उतरवली, म्हणून गूगलने तिच्यावर तात्पुरता अडसर घातलेला असतो. तुम्ही ती फाइल आयुष्यात पहिल्यांदाच उघडत असाल, तरी तुम्हालाही तेच पान दिसते.

ही मर्यादा का ठेवली असेल, ते ड्राइव्हचे काम लक्षात घेतले की कळते. ड्राइव्ह ही फाइली साठवण्याची आणि मोजक्या माणसांबरोबर वापरण्याची सोय आहे. एकच फाइल शेकडो-हजारो लोकांना वाटायची असेल, तर प्रत्येक डाउनलोडला तेवढा डेटा गूगलच्या सर्व्हरवरून वाहून न्यावा लागतो. शिवाय अशा उघड्या लिंकांवरून चोरून आणलेले चित्रपट वाटण्याचे प्रकार पूर्वीपासून चालत आले आहेत. नेमक्या किती डाउनलोडनंतर अडसर लागतो, हा आकडा गूगल जाहीर करत नाही. फाइल मोठी असेल किंवा ती खूप जणांकडे गेलेली असेल, तर पुन्हा मिळायला 24 तास लागू शकतात, एवढे मात्र त्या पानावरच सांगितलेले असते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरचा निरोप नीट वाचणे. त्याच्यासारखी दिसणारी, पण वेगळ्या अर्थाची आणखी काही पाने आहेत. "You need access" असे आले, तर मालकाने लिंक सगळ्यांसाठी खुली केलेली नाही. तिथे परवानगी मागावी लागते, वाट पाहून काही होत नाही. "Google Drive can't scan this file for viruses" ही सूचना मोठ्या फाइलींना नेहमीच येते. फाइल मोठी असल्याने तपासता आली नाही, एवढाच तिचा अर्थ. पाठवणारा ओळखीचा असेल तर "Download anyway" दाबून पुढे जाता येते. व्हिडिओ तिथल्या तिथे पाहताना "The number of allowed playbacks has been exceeded" असे दिसले, तर तो मात्र कोट्याचाच भाऊबंद: पाहणाऱ्यांची संख्या जास्त झाली आहे. सगळ्याच सेवांची मोजणी सारखी नसते, हेही ध्यानात ठेवावे. मेगा या सेवेवर मर्यादा उतरवून घेणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीवर मोजली जाते. तिथे तुमचे डाउनलोड थांबले असले, तरी शेजारच्याचे चालू असू शकते. ड्राइव्हवर फाइल अडली, की ती लिंक वापरणाऱ्या सगळ्यांचीच वाट अडते.

हा अनुभव फक्त कौटुंबिक ग्रुपांपुरता नाही. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2015 मध्ये चेहऱ्यांच्या 2,02,599 छायाचित्रांचा 'सेलेब-ए' नावाचा संग्रह खुला केला. चेहरे ओळखण्यावर काम करणारे विद्यार्थी जगभर तो वापरतात आणि त्याच्या फाइली गूगल ड्राइव्हवर आहेत. त्यातली छायाचित्रांची मुख्य झिप फाइल सुमारे दीड जीबीची. ती इतक्या ठिकाणांहून उतरवली जाते की कोटा वारंवार संपतो. इतका, की हा संग्रह आपोआप उतरवून देणाऱ्या 'टॉर्चव्हिजन' या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळा निरोपच लिहून ठेवला आहे: रोजचा कोटा संपला आहे, ही गूगल ड्राइव्हची मर्यादा आहे, नंतर पुन्हा प्रयत्न करा.

या उदाहरणातून एक फसवा धोकाही कळतो. ब्राउझरऐवजी एखाद्या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमला लिंक दिली, तर तो कधीकधी फाइलऐवजी ते 'कोटा संपला'चे पानच साठवून ठेवतो आणि त्याला फाइलचे नाव देतो. डाउनलोड पूर्ण झाल्यासारखे वाटते. उघडायला गेल्यावर झिप खराब असल्याचे कळते आणि आपण पाठवणाऱ्याला दोष देतो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: आकार पाहावा. जिथे दीड जीबी हवे तिथे काही केबी दिसत असतील, तर हाती आले आहे ते फक्त पान. तसली फाइल पुसावी आणि थांबावे.

आता उपायांकडे. सर्वांत साधा उपाय म्हणजे वाट पाहणे. घाई नसेल तर दुसऱ्या दिवशी, शक्यतो गर्दीची वेळ टाळून, पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा. त्याआधी ब्राउझरमध्ये आपल्या गूगल खात्याने लॉग-इन केले आहे ना, ते पाहावे. पुढचा उपाय लॉग-इन असल्याशिवाय करताच येत नाही.

तो उपाय म्हणजे फाइलची स्वतःची प्रत करणे. संगणकावर लिंक उघडून वरच्या मेन्यूत, किंवा फोनवर ड्राइव्हच्या ॲपमध्ये तीन टिंबांवर, "Make a copy" सापडते. ते चालले तर तुमच्या ड्राइव्हमध्ये नवी फाइल तयार होते. तिची लिंक वेगळी, तिची मोजणीही वेगळी, त्यामुळे ती उतरवता येते. इथे तीन अडथळे येऊ शकतात. एक, मालकाने पाहणाऱ्यांना प्रत करण्याची आणि डाउनलोड करण्याची मुभा बंद ठेवली असेल, तर तो पर्यायच मिळत नाही. दोन, प्रत तुमच्या खात्यात बसते आणि मोफत खात्याच्या 15 जीबीमध्ये जीमेल आणि फोटोही मोजले जातात. सहा जीबीच्या व्हिडिओला सहा जीबी मोकळी जागा हवीच. तीन, कोटा संपलेल्या फाइलची प्रत करण्यालाही गूगल कधीकधी नकार देते. प्रत मिळालीच, तर काम झाल्यावर ती पुसून "Trash"ही रिकामे करावे. तिथे गेलेली फाइल 30 दिवस तशीच राहते आणि तोवर जागा खाते.

प्रत होत नसेल तर काहीजण आडवाट वापरतात. फाइलचा "shortcut" आपल्या ड्राइव्हमध्ये घ्यायचा, तो एका नव्या फोल्डरमध्ये ठेवायचा, सोबत एखादी छोटी फाइल टाकायची आणि मग तो अख्खा फोल्डर डाउनलोड करायचा. गूगल त्याची झिप बांधून देते. मोठा फोल्डर असला तर ती साधारण दोन-दोन जीबीच्या तुकड्यांत येते. ही अधिकृत सोय नाही. कधी जमते, कधी नाही. झिप उतरली, तरी आत मूळ व्हिडिओ आहे का, त्याचा आकार पुरा आहे का, हे उघडून पाहिल्याशिवाय खूश होऊ नये.

'कोटा तोडून देतो' असे सांगणाऱ्या वेबसाइटांपासून मात्र लांब राहावे, हे मी कळकळीने सांगेन. त्या तुमच्या गूगल खात्यात शिरण्याची परवानगी मागतात. ती दिली, की तुमच्या सगळ्या ड्राइव्हमधल्या कागदपत्रांची दारे कुणा अनोळखी माणसासाठी उघडली जातात. स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओसाठी आधार आणि पॅनच्या प्रती पणाला लावण्यात काहीही शहाणपण नाही.

खरा आणि टिकाऊ उपाय असतो पाठवणाऱ्याच्या हाती. म्हणून आपण ते स्नेहसंमेलनच हिशोबाला घेऊ. समजा, शाळेत 480 विद्यार्थी आहेत, व्हिडिओ सहा जीबीचा आहे आणि सगळ्या पालकांना एकच लिंक गेली आहे. सगळ्यांनी तो उतरवला तर त्या एका फाइलवरून 2,880 जीबी डेटा वाहायचा, तोही बहुतेक एकाच संध्याकाळी. कोटा न संपला तरच नवल. आता शिक्षकांनी तोच व्हिडिओ कमी रेझोल्यूशनमध्ये, म्हणजे 720p मध्ये, पुन्हा बनवून एक जीबीपर्यंत आणला. फोनवर पाहायला तो पुरेसा चांगला दिसतो. पहिली ते दहावी अशा दहा इयत्तांसाठी त्याच्या दहा प्रती केल्या आणि प्रत्येक इयत्तेच्या ग्रुपवर वेगळी लिंक टाकली. दहा प्रतींना दहा जीबी लागतात. खात्यात इतर फारसे काही नसेल तर 15 जीबीत त्या बसतात. एका लिंकवर सरासरी 48 पालक आणि 48 जीबी, म्हणजे आधीच्या साठाव्या भागाइतकाच भार. प्रत करताना मूळ फाइलची "Make a copy" केली पाहिजे; एकाच फाइलची लिंक दहा ग्रुपांवर टाकून उपयोग नाही, कारण मोजणी लिंक किती ठिकाणी गेली याची होत नाही, फाइलची होते.

पालकांना व्हिडिओ फक्त पाहायचा असेल, तर यूट्यूब अधिक योग्य, कारण ती सेवा खूप लोकांना दाखवण्यासाठीच आहे. फोन नंबरने खाते पडताळलेले नसेल, तर तिथे 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच पडताळणी करून ठेवावी. "Unlisted" ठेवलेला व्हिडिओ शोधून सापडत नाही, पण लिंक ज्याच्या हाती लागेल तो पाहू शकतो. मुलांचे चेहरे आहेत, तेव्हा हे पालकांना आधी सांगून त्यांची संमती घेतलेली बरी. ज्यांना मूळ सहा जीबीचीच फाइल हवी, त्यांना ती शाळेतून पेनड्राइव्हवर देणे सर्वांत जलद.

आपण घेणाऱ्यांपैकी असू, तर अडलेली लिंक दिसताच ग्रुपवर 'होत नाहीये' एवढेच न लिहिता पडद्यावरचा निरोप स्क्रीनशॉट काढून मालकाला पाठवावा. मालकाला आपलीच फाइल आपल्या खात्यातून सहसा उघडता येते, त्यामुळे त्याला सगळे ठीक वाटते. कोटा संपल्याचे त्याला कुणी कळवल्याशिवाय समजत नाही. स्क्रीनशॉट पाहिला, की त्याला नेमके काय करायचे ते कळते: नवी प्रत करायची आणि तिची नवी लिंक द्यायची. हे काम त्याच्या बाजूने दोन मिनिटांचे आहे आणि त्याने उरलेल्या सगळ्यांची वाट मोकळी होते.