घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा

मंडळी, टेबलावरचा हा पृथ्वीचा गोल आपल्या ओळखीचा आहे. आता सभागृहातले दिवे घालवू आणि टॉर्चला थोडा वेळ सूर्य मानू.

टॉर्च गोलाजवळ धरली तर प्रयोग फसतो. तिचे किरण फाकत जातात आणि गोलाचा निम्म्याहून बराच कमी भाग उजळतो. खरा सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात व अर्धी पृथ्वी उजळते. म्हणून टॉर्च पलीकडच्या भिंतीपाशी नेली आहे. आता गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवतो. पाहा, कोलकाता आधी उजेडात आले, मुंबई मागून आली. उलट घडले असते तर मी गोल उलटा फिरवला असे समजावे!

एक फेरा म्हणजे ३६० अंश, आणि त्याला २४ तास लागतात; म्हणजे रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटे. कोलकाता सुमारे ८८ अंश २२ कला पूर्व रेखांशावर, मुंबई ७२ अंश ५० कलांवर. अंतर साडेपंधरा अंश. त्याला चारने गुणले की ६२ मिनिटे. कोलकात्यात सूर्य माथ्याशी आला, बारा वाजले, तर मुंबईत किती? अनेकजण येथे ६२ मिनिटे मिळवतात. पण मुंबई पश्चिमेला. तिथे सूर्य अजून यायचा आहे. तेव्हा वजाबाकी करायची. उत्तर, १० वाजून ५८ मिनिटे.

हे गणित केवळ पाटीवरचे नव्हते. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशाच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ भारताची प्रमाणवेळ ठरली. साडेब्याऐंशी गुणिले चार म्हणजे ३३० मिनिटे. ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. पण कोलकात्याने आपली वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईकरांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. त्यांचे घड्याळ एकदम ३९ मिनिटे पुढे ढकलायचे, म्हणजे ठरल्या वेळी कामावर जाणाऱ्याने तितके आधी उठायचे. नागपूरकराला हा भार जेमतेम चौदा मिनिटांचा पडला असता. पुढे एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या, आणि ‘दहा वाजता भेटू’ म्हणणाऱ्याला ‘कुठले दहा?’ असे विचारण्याची पाळी आली.

आपल्या गावचे खरे बारा केव्हा वाजतात, हे गच्चीवर एक काठी रोवून पाहता येते. ती ओळंब्याने सरळ उभी करावी. सावली सर्वांत आखूड कधी होते ते नुसते बघत बसू नये. माध्यान्हीच्या आसपास तिची लांबी इतकी हळू बदलते की क्षण हातून निसटतो. आपल्या जुन्या ज्योतिष्यांची शंकूची युक्ती येथे उपयोगी पडते. काठीभोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक त्याला टेकेल ती वेळ टिपावी, दुपारी पुन्हा टेकेल ती टिपावी. दोहोंचा मध्य म्हणजे माध्यान्ह.

पुण्यातले उदाहरण घेऊ. १५ एप्रिल, एक मीटरची काठी, ४६ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ. समजा, सावली ११ वाजता टेकली आणि पुन्हा २ वाजून १० मिनिटांनी टेकली. मध्य १२ वाजून ३५ मिनिटे. प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताहून सूर्य येथे ३५ मिनिटे उशिरा आला. पस्तीस भागिले चार, पावणेनऊ अंश. साडेब्याऐंशीतून ते वजा जाता पावणेचौऱ्याहत्तर उरतात. पुण्याचा खरा रेखांश ७३ अंश ५१ कलांच्या आसपास आहे. आपण दहा-अकरा किलोमीटरने चुकलो. घड्याळात एक मिनिट हुकले की पुण्याच्या अक्षांशावर सव्वीस किलोमीटर हुकतात, हे लक्षात घेता हिशेब वाईट नाही.

त्याच काठीने अक्षांशही सापडतो. माध्यान्हीची सावली सुमारे साडेपंधरा सेंटीमीटर उत्तरेला पडेल. तिच्यावरून सूर्य डोक्यावरून पावणेनऊ अंश दक्षिणेकडे कललेला निघतो. त्या दिवशी सूर्य स्वतः विषुववृत्ताच्या सुमारे पावणेदहा अंश उत्तरेला असतो. बेरीज साडेअठरा, तोच पुण्याचा अक्षांश. रेखांशाला घड्याळ लागले, अक्षांशाला मात्र सावली आणि पंचांगच पुरले.

आता तारीख १५ एप्रिलच का घेतली, ते सांगायला हवे. सूर्य घड्याळासारखा नियमित चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून सूर्याचे बारा वर्षभर मागेपुढे होतात. एप्रिलच्या मध्याला हा फरक जवळजवळ शून्य असतो. हाच प्रयोग नोव्हेंबरच्या आरंभी कराल तर पुण्यात माध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास येईल, आणि गणित तुम्हाला थेट नांदेडच्याही पूर्वेला नेऊन बसवील. तेव्हा त्या दिवसांत मिळालेल्या वेळेत आधी सोळा मिनिटे मिळवा, आणि मगच चारने भागा.