आईचा महिन्याचा खर्च: पावत्या काय सांगतात?

महिन्याला किती लागतात, असं विचारलं की आई म्हणते, "मला एकटीला असं काय लागतंय?" मग मुलं अंदाजाने रक्कम ठरवतात आणि कोण किती देतं यावरून मनं दुखावतात. त्यापेक्षा वर्षभराच्या पावत्या काढून बसावं. एका महिन्याच्या पुरत नाहीत, कारण आरोग्यविम्याचा हप्ता, घरपट्टी, तपासण्या वर्षातून एक-दोनदाच येतात.

समजा, आई सांगलीत एकटी राहते. मुलगी गावातच, एक मुलगा पुण्यात, दुसरा नागपुरात. किराणा, दूध, भाजी ७,५०० रुपये. वीज, गॅस, फोन १,९००. दिवसभराच्या बाईचा पगार ९,०००. बाईची, दूधवाल्याची पावती नसते. ती रक्कम आईला विचारावी आणि पासबुकातल्या पैसे काढल्याच्या नोंदींशी ताडून पाहावी. विमा, घरपट्टी, तपासण्या वर्षाला ४२,०००, म्हणजे महिन्याला ३,५००. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारखा एकदाचा खर्च यात धरू नये, तो वेगळा वाटून घ्यावा.

खरी मेख औषधांत असते. बिलांची सरासरी २,४०० रुपये निघाली, म्हणून तेवढेच धरू नयेत. डॉक्टरांची चिठ्ठी शेजारी ठेवावी. रक्तदाबाची गोळी रोज एक, पाकिटात पंधरा, म्हणजे वर्षाला साधारण चोवीस पाकिटं लागतात. बिलांत सोळाच दिसली, तर एकतर बिलं हरवली आहेत किंवा आई अधूनमधून गोळी टाळून पैसे वाचवते आहे. औषधाच्या दुकानात जुनी बिलं पाहिली की उलगडा होतो. चिठ्ठीप्रमाणे सगळी औषधं घेतली तर ३,६०० लागतात. हिशेबात तीच रक्कम घ्यावी. आईने पोटाला चिमटा काढून भागवलेला खर्च हा तिचा खरा खर्च नव्हे.

एकूण २५,५०० झाले. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे १४,००० वजा केले की ११,५०० उरतात. समान तीन वाटे सोपे, पण न्याय्य असतीलच असं नाही. घरकर्ज आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च जाऊन तिघांच्या हाती अनुक्रमे ५०, ३० आणि २० हजार राहत असतील, तर त्याच प्रमाणात ५,७५०, ३,४५० आणि २,३०० असे वाटे पडतात. गावातली मुलगी दवाखान्याच्या खेपा घालते. तिचं रिक्षाभाडं खर्चात धरावं आणि तिच्या वेळेपोटी वाटा किती कमी करायचा, हे तिघांनी आधीच ठरवावं.

१९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्यानुसार म्हाताऱ्या आईवडिलांना स्वतःचं भागवता येत नसेल, तर त्यांना सांभाळण्याची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही आहे. म्हणून हिशेबाला सगळ्यांना बसवा, आईलाही. औषध बदललं किंवा बाईचा पगार वाढला की आकडे पुन्हा मांडा. आणि छापील पावत्यांची शाई उडते, त्यामुळे त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.