बाकी शून्य (५) : शेवटच्या घरातला X

आज बँकेच्या कार्डावरचे आकडे सोडवायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मध्येच एका ग्रंथपाल वाचक बाईंचं पत्र आलं. वाचनालयातली जुनी पुस्तकं संगणकावर चढवताना एका पुस्तकाचा आयएसबीएन त्यांच्या सॉफ्टवेअरने घेतलाच नाही. क्रमांकाच्या शेवटी X होता आणि त्या रकान्यात फक्त आकडेच चालत होते. 'ही छपाईची चूक समजून X गाळू का?' असं त्या विचारतात.

मुळीच गाळू नका. तो X म्हणजे रोमन लिपीतला दहा, आणि अख्ख्या क्रमांकाची राखण तोच करतो.

१९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्यांना आपल्या मालाची नोंद संगणकावर न्यायची होती. त्यांच्यासाठी गॉर्डन फॉस्टर यांनी, जे पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात सांख्यिकीचे प्राध्यापक झाले, नऊ अंकी क्रमांक आखून दिला. १९७० मध्ये तोच दहा अंकी होऊन आंतरराष्ट्रीय झाला. भारताच्या वाट्याला सुरुवातीचा ८१ आला, आणि पुढे ९३ ही.

उदाहरणासाठी मी एक क्रमांक रचला आहे : ८१-९०२७४-३५-X. यातल्या पहिल्या अंकाला १० ने गुणायचं, दुसऱ्याला ९ ने, तिसऱ्याला ८ ने, असं करत शेवटच्याला १ ने. म्हणजे ८०, ९, ७२, ०, १२, ३५, १६, ९ आणि १०. यांची बेरीज २४३. त्यात X चे १० मिळवले की २५३. अकरा तेवीस दोनशे त्रेपन्न, बाकी शून्य. क्रमांक शुद्ध.

प्रकाशकाला क्रमांक मिळतो तेव्हा पहिले नऊ अंक आधी ठरतात. दहावा अंक निवडायचा तो बेरजेला ११ ने निःशेष भाग जाईल असा. इथे २४३ ला ११ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणून आणखी १० हवेत. पण दहा एका घरात मावत नाही, म्हणून X. अकराने भागल्यावर बाकी ० ते १० अशी अकरा प्रकारची असू शकते आणि आपल्याकडे अंक दहाच, त्यामुळे साधारण दर अकरा पुस्तकांत एकाच्या नशिबी X येतो. नॉर्वेतल्या बँकखात्यांच्या क्रमांकांतही ११ चाच हिशेब आहे. तिथे मात्र दहा लागणारा क्रमांक कोणाला देतच नाहीत.

एवढा खटाटोप ११ साठी का? सरळ १० घेतला असता तर X ची भानगडच उरली नसती. इथेच खरी गंमत आहे.

समजा, हाताने लिहिलेला ४ कोणी ९ वाचला. आपल्या क्रमांकात ४ चा गुणक ४ आहे. अंक ५ ने वाढला, म्हणून बेरीज २० ने वाढून २७३ झाली. ११ ने भागलं तर बाकी ९. चूक पकडली. एक अंक चुकला की बेरजेत 'फरक गुणिले गुणक' एवढा बदल होतो. चूक निसटायची असेल तर हा गुणाकार ११ च्या पटीत हवा. पण ११ मूळ संख्या आहे, तेव्हा फरक किंवा गुणक यांपैकी एक तरी ११ च्या पटीत असावा लागेल. फरक फार तर १०, गुणकही फार तर १०. तेव्हा एका अंकाची चूक, कुठल्याही घरातली, कधीच निसटत नाही.

आता हेच गुणक ठेवून १० ने भागून पाहा. पहिल्या घराचा गुणक १०, म्हणजे तिथे कोणताही अंक लिहा, बाकी हलणार नाही. गुणक ५ असलेल्या घरात ७ चा ९ झाला तर बदल १०, आणि चूक गुपचूप पार. १० चे २ आणि ५ असे तुकडे पडतात, त्या फटींतून चुका निसटतात.

तरीही १ जानेवारी २००७ पासून पुस्तकांचा जगभरचा क्रमांक तेरा अंकी झाला आणि त्यात १० च आहे. पुस्तकांच्या मलपृष्ठावर दुकानातल्या इतर मालासारखा तेरा अंकी बारकोड आधीपासूनच छापला जात होता. दोन क्रमांक सांभाळण्यापेक्षा तोच आयएसबीएन केला. सुरुवातीला ९७८ लावायचं आणि शेवटचा अंक नव्याने काढायचा. यात गुणक आलटून पालटून १ आणि ३ असतात. आपलं पुस्तक आता ९७८-८१-९०२७४-३५-७ झालं. बेरीज करून पाहा, १४० येते.

१ आणि ३ का, हे वरच्या फटींवरून लक्षात येईल. २ किंवा ५ यांच्याशी या दोन्ही आकड्यांचं काही देणंघेणं नाही. अंक चुकला तर बदल फरकाइतका किंवा फरकाच्या तिप्पट होतो, आणि ० सोडून ९ पर्यंतच्या फरकाची तिप्पट १० च्या पटीत येत नाही. म्हणजे एका अंकाची चूक तेरा अंकी क्रमांकही हमखास पकडतो. ४ चा ९ केला तर बेरीज १५५ होते आणि बाकी ५ उरते.

किंमत मोजावी लागली ती दुसरीकडे. टंकताना शेजारचे दोन अंक उलटे पडणं ही नेहमीची चूक. आपल्या क्रमांकातले २ आणि ७ उलटे करा : ९७८-८१-९०७२४-३५-७. आधी या दोन घरांतून ६ आणि ७ मिळून १३ येत होते, आता २१ आणि २ मिळून २३. बेरीज १५०, बाकी शून्य, क्रमांक 'शुद्ध'! जुन्या दहा अंकी क्रमांकात हीच अदलाबदल केली तर बेरीज २५८ होते आणि बाकी ५ उरते, म्हणजे चूक सापडते. १ आणि ३ या गुणकांत अंतर २ चं आहे, म्हणून शेजारच्या अंकांत ५ चा फरक असला की बदल नेमका १० होतो. ०-५, १-६, २-७, ३-८, ४-९ या जोड्या अशा निसटतात. सगळ्या जोड्या सारख्याच संभवतात असं धरलं तर शेजारच्या अदलाबदलींतली दर नवात एक. एक घर सोडून अदलाबदल झाली तर दोन्ही घरांचा गुणक एकच असतो आणि ती कधीच सापडत नाही.

हे परवडलं, कारण दुकानात आता क्रमांक माणूस वाचत नाही, यंत्र वाचतं. आणि यंत्र शेजारचे अंक उलटे करत नाही. तुमच्यासारखे जुन्या नोंदी हाताने चढवणारे मात्र या सवलतीबाहेर राहिले. म्हणून बाई, माझा सल्ला असा. तो रकाना आकड्यांचा न ठेवता मजकुराचा करून घ्या आणि जुन्या पुस्तकाचा दहा अंकी क्रमांक X सकट नोंदवा. तेरा अंकी रूप संगणकाला त्यावरून काढू द्या, पण आधी ११ चा ताळा बघून. X गाळलात तर नऊच अंक उरतील आणि राखणदारही जाईल.

एक फायदा असाही आहे. वाळवीने एखादा अंक खाल्ला असेल, तर तो परत मिळतो. ८१-९०२७?-३५-X मध्ये ४ दिसत नाही असं समजा. बाकीच्यांची बेरीज २३७, आणि हरवलेल्या अंकाचा गुणक ४. २३७ ला ११ ने भागून ६ उरतात, म्हणजे त्या अंकाच्या चौपटीला ११ ने भागून ५ उरायला हवेत. ० ते ९ पर्यंत हे एकट्या ४ लाच जमतं. दोन अंक गेले असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. आणि ताळा जमला म्हणजे त्या क्रमांकाचं पुस्तक खरोखर निघालंच आहे, असंही नाही. मनाला येईल तो क्रमांक लिहिला तरी अकरात एकदा तो जमतोच.

कार्डं पुढच्या वेळी नक्की. तोवर एक गृहपाठ : दहा अंकी क्रमांकात शेजारचे नसलेले, अगदी दूरदूरचे दोन अंक उलटे झाले, तर चूक सापडेल का? उत्तर वरच्या 'फरक गुणिले गुणक' मध्येच आहे. फक्त गुणकाच्या जागी दोन गुणकांतलं अंतर घ्या.